एसरॅमवर लिहिताना WE आधी वर, पत्ता मागाहून

10 नॅनोसेकंदांची असिंक्रोनस एसरॅम 50 मेगाहर्ट्‌झच्या एफपीजीएला जोडताना वाचन सहसा लगेच जमतं, घोळ होतो तो लेखनात. डेटाशीटमध्ये लेखन संपल्यावर पत्ता धरून ठेवायचा वेळ, म्हणजे `tHA`, 0 दिसतो, म्हणून WE वर नेणं आणि पत्ता बदलणं एकाच क्लॉकवर केलं जातं. पण शून्य म्हणजे पत्ता WE वर जाण्याआधी बदलता कामा नये. पिनांच्या विलंबात एखाद्या नॅनोसेकंदाचा फरक पडला, की नवा पत्ता येतो तेव्हा WE अजून खालीच असतो आणि भलत्याच जागी लिहिलं जातं.

म्हणून लेखनाला तीन क्लॉक द्या. पहिल्यात पत्ता लावा आणि OE वर न्या, म्हणजे चिप बस सोडते. दुसऱ्यात डेटा लावून WE खाली: 20 नॅनोसेकंद मिळतात, या चिपला साधारण 8 पुरतात. तिसऱ्यात फक्त WE वर. पत्ता, डेटा तसेच. WE थेट फ्लिपफ्लॉपमधूनच काढा. कॉम्बिनेशनल लॉजिकमधून काढलात तर ग्लिचही लेखन ठरतो.

सगळीकडे `0x55` भरून तपासलंत तर हा दोष दिसणारच नाही. प्रत्येक जागी तिचाच पत्ता लिहा, पूर्ण भरल्यावर मग वाचा.