गोव्यात पॉलिहाऊस झाकताना या चुका टाळा: ऊन किती आत येतं ते आधी मोजा

डिचोलीकडे मावसभावाने डेंड्रोबियम ऑर्किडसाठी पॉलिहाऊस उभारलं. वर २०० मायक्रॉनची यूव्ही स्टॅबिलाइज्ड फिल्म, तिच्याखाली हातभर अंतरावर ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट, चारी कडांना पक्की आवळलेली. उन्हाळा बरा गेला. जुलैत मला बोलावलं. "दादा, झाडं बघ कशी तरतरीत हिरवी झालीत, पण फुलाचा दांडा एकाला नाही." पानं खरोखरच गर्द हिरवी होती, पण लांबट आणि लुळी पडलेली. खत कमी पडल्यावर पानं फिकटतात. इथे उजेडच पोचत नव्हता.

पहिली चूक हीच. फिल्म आणि नेट यांचे टक्के एकमेकांतून वजा करायचे नसतात, गुणायचे असतात. नवी स्वच्छ फिल्म सुमारे ८५ टक्के उजेड सोडते, ७५ टक्क्यांची नेट त्यातला पाव भाग. ०.८५ गुणिले ०.२५ म्हणजे जेमतेम २१ टक्के. एप्रिलच्या दुपारी बाहेर लाखभर लक्स असतात, त्यामुळे आत २१ हजार येतात आणि ऑर्किडचं भागतं. पण त्या दिवशी ढग दाटलेले. लक्समीटर अंगणात धरला तर १५ हजार, घरात धरला तर तीन हजार. मीटर नसेल तर झाडांवर हात धरा. सावलीची कड अजिबात उमटत नसेल तर फुलांची आशा धरू नका.

नेट सोडवून गुंडाळली तेव्हा आतला आकडा साडेबारा हजारांच्या आसपास गेला. फार नाही, पण चौपट. पावसाळ्यात आपल्याकडे नेट नको असते, हवी असते ती फक्त फिल्म, कारण नेटमधून पाऊस आरपार येतो आणि सततच्या ओलीने मुळं कुजतात.

दुसरी चूक नेटच्या जागेची. बहुतेक जण ती आत बांधतात, वाऱ्यापासून सुरक्षित म्हणून. पण ऊन फिल्ममधून आत आलेलंच असतं. नेट ते शोषून तापते आणि ती ऊब झाडांच्या डोक्यावरच कोंडते, छताला हवेची वाट नसेल तर जास्तच. तीच नेट फिल्मच्या वर, दीड-दोन फूट अंतर ठेवून तारांवर ओढली तर ऊन बाहेरच अडतं, फिल्मही कमी तापते. फिल्मला चिकटवून मात्र टाकू नका, वाऱ्याने घासून फिल्म फाटते. भावाला आम्ही ५० टक्क्यांची नेट सुचवली, सरकवता येईल अशी: ऑक्टोबरपासून मेपर्यंत पसरायची, मिरगाच्या आधी गुंडाळून बांधायची. वादळी वारा आणि उजेडाची टंचाई आपल्याकडे एकाच वेळी येते, त्यामुळे एकाच कामात दोन्ही साधतात.

फिल्म तीन वर्षं टिकेल असं विकणारा सांगतो. पण जिथे ती सांगाड्याच्या लोखंडी पाइपाला टेकते तिथे ते खरं राहत नाही. फाटलेली फिल्म नीट बघा. पाइपाच्या रेषेवरच चिरली असेल आणि मधला पट्टा धडधाकट असेल, तर उन्हात तापलेल्या लोखंडाने तिला जाळलंय. पाइपाच्या वरच्या अंगाला पांढरा रंग द्या किंवा फोमची पट्टी लावा. सगळी फिल्मच कडक होऊन कुरकुरत असेल तर ती उन्हाने म्हातारी झाली, किंवा आत गंधकाची फवारणी वारंवार झालीय. गंधक फिल्मच्या यूव्ही संरक्षणाचा नाश करतं. तिसरी खूण पोटाची: सैल फिल्मवर पाणी साचून पोट धरतं. एक मीटर लांब-रुंद आणि सरासरी दहा सेंटिमीटर खोल पोटात शंभर किलो पाणी असतं. म्हणून फिल्म वारा नसताना, ऊन चढल्यावर ओढायची. गार पहाटे ताणलेली फिल्म दुपारी प्रसरण पावते आणि सैल पडते.

भावाने विचारलं, "मग पॉलिकार्बोनेटच घालूया ना, दहा वर्षांची कटकट मिटेल." टिकण्याचं खरं. पण पोकळ दुहेरी पत्रा थंड प्रदेशात ऊब धरण्यासाठी बनलाय. इथे ऊब बाहेर घालवायची आहे, आणि उजेडही फिल्मपेक्षा थोडा कमीच, ८० टक्क्यांच्या आसपास. आडव्या पावसाच्या बाजूच्या भिंतीला मी तो घालेन, छताला नाही. घातलाच तर छापील कागद लावलेली बाजू बाहेर ठेवा, कारण यूव्हीचा थर सहसा तिकडेच असतो. उलटा बसवला की दोनेक वर्षांत पिवळा पडतो. पत्र्यातल्या पोकळ नळ्या उतारावर वरून खाली जाऊ द्या, वरचं टोक अॅल्युमिनियमच्या टेपने बंद करा, खालचं छिद्रांच्या टेपने. नाहीतर नळ्यांत ओल साचून हिरवं शेवाळ धरतं, ते पुसायला आत हात जात नाही. आणि स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा: सहा मीटरचा पत्रा तीस अंशांच्या फरकाने बारा मिलिमीटरच्या आसपास वाढतो.

भावाने पॉलिकार्बोनेटचा विचार सोडला. पुढच्या मेमध्ये बाहेरच्या तारा ओढल्या, आतल्या जुन्या नेटचे तुकडे करून रोपांच्या वाफ्यावर घातले.