घड्याळाची चेन घरी लहान करताय? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात कॉलेजात जाणारा एक मुलगा दुकानात आला. एका हातात स्टीलच्या चेनचं घड्याळ, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. घरीच चेन लहान केली होती आणि चौथ्या दिवशी बसमध्ये चढताना ती मनगटावरच सुटली. घड्याळ खाली पडायच्या आत त्याने धरलं म्हणून वाचलं. पुडीत काढलेल्या तीन कड्या होत्या आणि उरलेल्या दोन पिना. मी विचारलं, "नळ्या कुठे आहेत?" तो म्हणाला, "काका, कसल्या नळ्या?"

चेनच्या तक्रारी घेऊन जे येतात त्यांच्यात हा घोटाळा मला सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून आधी त्याबद्दल.

कड्या जोडणाऱ्या पिना मुख्यतः तीन तऱ्हेच्या असतात. पहिली चिरलेली पिन. तिच्या एका टोकाला बारीक फट असते, ते टोक किंचित फुगलेलं असतं आणि त्या फुगवट्यानेच ती भोकात घट्ट बसते. दुसरी म्हणजे स्क्रू, तो फिरवून निघतो. तिसरी अगदी सरळ, गुळगुळीत पिन. तिला स्वतःची काहीच पकड नसते. तिला धरून ठेवते ती कडीच्या आत बसवलेली तिळाएवढी नळी. सायको आणि सिटीझनच्या बऱ्याच घड्याळांत हीच रचना असते. पिन ठोकून बाहेर काढली की नळी सुटी होते आणि टेबलावर, चादरीवर, कुठेही निसटते. आवाजही होत नाही. नळीशिवाय पिन पुन्हा आत जाते, बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि हाताच्या हालचालीने ती रोज थोडी थोडी सरकत राहते.

हे ओळखायचं कसं? पिन बसवताना शेवटचा भाग हलके ठोकल्याशिवाय आत जायला नको. नुसत्या बोटाने दाबून पूर्ण आत गेली तर पकड नाही, म्हणजे बहुधा नळी राहिली. तसं घड्याळ हातात घालू नका. काम पांढऱ्या रुमालावर किंवा कडा असलेल्या ताटात करा. पिन निघाली की लगेच कडीचं भोक उजेडात बघा आणि कडी रुमालावर हलके आपटा. नळी कधी मधल्या भागात असते, कधी एका बाजूला. ती जिथून निघाली तिथेच चिमट्याने परत ठेवायची आणि मग पिन घालायची. नळी हरवलीच तर त्याच मापाची दुसरी घड्याळवाल्याकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मिळू शकते. फेव्हिक्विक मात्र घालू नका. ते सांध्यात पसरतं, कडी वाकेनाशी होते आणि पुढे पिन काढताना कडीच खराब होते.

बाणाच्या उलट ठोकणं

चेनच्या आतल्या बाजूला काही कड्यांवर छोटे बाण कोरलेले असतात. बाण असलेल्या कड्या काढता येतात आणि पिन बाण दाखवतो त्याच दिशेने ठोकून काढायची. घालताना उलट: बाणाच्या टोकाकडून आत, चिरलेलं टोक शेवटी. उलट दिशेने ठोकलं की फुगलेलं टोक अख्ख्या भोकातून ओढलं जातं आणि भोक सैल होतं.

याच पिनेमुळे आणखी एक फसगत होते. चिरलेल्या टोकाची फट बाहेरून स्क्रूच्या खाचेसारखी दिसते आणि लोक स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवत बसतात. आत बाण असेल तर ती पिनच समजा. रोलेक्सच्या ऑयस्टर चेनमध्ये खरे स्क्रू असतात, आणि ते सैल होऊ नयेत म्हणून कधी कधी त्यांना चिकट द्रव लावलेला असतो. हेअर ड्रायरने थोडं ऊब देऊन आणि खाचेत तंतोतंत बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते निघतात. हट्टाने फिरवलं तर खाच झिजते. मग ते काम घड्याळवाल्याकडेच न्यावं लागतं.

ठोकायला शिवणाची सुई किंवा कंपासचं टोक घेऊ नका. सुई भोकातच तुटते आणि मग पिनेबरोबर तिचाही तुकडा काढायचा राहतो. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पंच, चेन उभी धरणारा प्लास्टिकचा ठोकळा आणि हलकी हातोडी एवढं पुरतं.

सगळ्या कड्या एकाच बाजूने काढणं

त्या मुलाची चेन मी त्याच्यासमोर पुन्हा मोजली. घड्याळ हातात घालून, लॉक बंद करून, मनगटाखाली जास्तीची चेन चिमटीत धरली. ती 28 मिलिमीटर भरली. एक कडी 8 मिलिमीटरची, म्हणून तीन कड्या काढल्या की 24 होतात. उरलेले 4 मिलिमीटर लॉकच्या बाजूच्या बारीक भोकांतून मिळाले. त्याच्या लॉकवर दोन भोकांमधलं अंतर 2 मिलिमीटर होतं, म्हणून स्प्रिंगची पिन दोन भोकं आत घेतली. बऱ्याच जणांना ही भोकं माहीतच नसतात आणि ते कडी काढून चेन आवळून टाकतात. स्प्रिंगची पिन काढताना तिच्यावर अंगठा ठेवा, नाहीतर ती उडते.

त्याने तिन्ही कड्या 12 च्या बाजूने काढल्या होत्या, त्यामुळे लॉक मनगटाच्या एका कडेला आलं होतं आणि घड्याळ तिरकं बसत होतं. कड्या दोन्ही बाजूंनी काढायच्या, आणि संख्या विषम असेल तर जास्तीची एक सहसा 6 च्या बाजूने. म्हणून मी एक 12 च्या बाजूने आणि दोन 6 च्या बाजूने अशी मांडणी करून दिली. चेन व मनगट यांच्यामध्ये करंगळी सहज जाईल एवढी जागा ठेवा. मे महिन्याच्या उकाड्यात मनगट थोडं सुजतं, तेव्हा भोकं मोकळी असलेली बरी. शेवटी पिनेच्या दोन्ही टोकांवरून नख फिरवा. अडकलं तर ती अजून पूर्ण बसलेली नाही.

सोनाराकडे केव्हा

स्टीलच्या चेनला सोनाराची गरज नाही. पण अस्सल सोन्याची चेन, डाख देऊन जोडलेल्या कड्या, किंवा ज्यात काढता येणारी कडीच नाही असं बांगडीवजा किंवा विणीचं ब्रेसलेट, यांना घरी हात लावू नका. सोनं मऊ असतं, हातोडीचा एक घाव चुकला तरी खड्डा पडतो. आणि इथे कडी कापून पुन्हा जोडावी लागते.

मागे एक आजी त्यांच्या लग्नातलं सोन्याचं घड्याळ घेऊन आल्या, हात बारीक झाल्यामुळे ते कोपरापर्यंत घसरत होतं. मी घड्याळाचा डबा चेनपासून वेगळा करून ठेवून घेतला आणि त्यांना फक्त चेन देऊन सोनाराकडे पाठवलं. डाख देण्याच्या उष्णतेने आतली बॅटरी आणि रबरी रिंग खराब होते, म्हणून डबा चेनला जोडलेला असताना कुणालाही आच लावू देऊ नका. चेनच्या आत 750 असा शिक्का होता, म्हणजे 18 कॅरेट. आपल्याकडे सोनारांच्या हाताखालून बहुतेक 22 कॅरेटचं काम जातं, तेव्हा शिक्का आधी दाखवा, नाहीतर जोडाचा रंग वेगळा दिसतो. वजन तुमच्यासमोर दोनदा करून घ्या, कापण्याआधी आणि जोडल्यानंतर, आणि कापलेला तुकडा परत मागा.

सोन्याचं पाणी चढवलेल्या चेनचं मात्र वेगळं आहे. तिला डाख दिला की त्या जागचं पाणी जळतं, आणि पॉलिश केलं तर थर निघतो. तिथे पिनेचीच कडी शोधायची, आणि ती नसेल तर चेन बदलायची.

आजी दोन दिवसांनी चेन आणि चिठ्ठीत बांधलेला तुकडा घेऊन आल्या. चिठ्ठीवर दोन्ही वजनं लिहिलेली होती. मी डबा चेनला परत बसवून दिला.