पॉप-अप सर्वेक्षण नकोसे का होते? वेळ आणि ट्रिगर निवडताना या चुका टाळा

ॲपमध्ये उघडणाऱ्या एक-दोन प्रश्नांच्या सर्वेक्षणाला उत्तरे मिळेनाशी झाली की बहुतेक ठिकाणी आधी प्रश्नाची भाषा बदलली जाते, मग बटणांचे रंग बदलले जातात आणि शेवटी ‘आपल्या लोकांना उत्तरे द्यायची सवयच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या पाहण्यात मात्र दोष बहुधा प्रश्नात नसतो, तो प्रश्न विचारण्याच्या क्षणात असतो. म्हणून या लेखात पॉप-अप केव्हा उघडावा आणि कशाने उघडावा, म्हणजेच त्याचा ट्रिगर कोणता असावा, एवढ्याच गोष्टीचा विचार केला आहे.

उदाहरणासाठी सांगली आणि तासगावच्या बाजारात बेदाणा विकणाऱ्या शेतकऱ्यांचे एक ॲप गृहीत धरू. शीतगृहात आपला किती माल शिल्लक आहे, आजच्या सौद्यात काय दर निघाला आणि विक्री झाल्यावर हातात येणारी हिशोबाची पट्टी, या तीन गोष्टी शेतकरी त्यात पाहतो. पट्टीतील हमाली, तोलाई वगैरे वजावटी शेतकऱ्याला नीट समजतात का, हे ॲप चालवणाऱ्यांना जाणून घ्यायचे आहे. प्रश्न साधाच आहे: ‘पट्टीतील हिशोब स्पष्ट कळला का?’

ॲप उघडताच प्रश्न विचारणे

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण ती करायला सर्वांत सोपी आहे. ॲप उघडल्यावर पाच किंवा दहा सेकंदांनी पॉप-अप दाखवा, एवढी एक ओळ लिहिली की काम झाल्यासारखे वाटते. परंतु सौद्याच्या दिवशी ॲप उघडणारा शेतकरी दर पाहण्यासाठी आलेला असतो. माल आज द्यायचा की आणखी थांबायचे, हे त्याला ठरवायचे असते आणि नेमक्या त्याच वेळी दराच्या आकड्यावर सर्वेक्षणाची खिडकी येते. शिवाय त्याने अजून पट्टी उघडलेलीच नसते, त्यामुळे त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ असण्याचा संभवही नसतो.

घड्याळावर बेतलेल्या ट्रिगरची खरी अडचण अशी की सेकंद मोजल्याने माणसाचे काम कुठवर आले आहे ते कळत नाही. दहा सेकंदांत एकाचे दर पाहून झालेले असतात, तर दुसरा अजून ओटीपी येण्याची वाट पाहत असतो. पान पुन्हा न उतरवता आतला मजकूर बदलणाऱ्या वेबसाइटवर ही गडबड आणखी वाढते, कारण मोजणी पहिल्या पानावर सुरू होते आणि पॉप-अप तिसऱ्याच पानावर उघडतो. संगणकावर माउस खिडकीच्या वरच्या कडेकडे गेला की ‘वापरकर्ता निघाला’ असे मानणारा ट्रिगर अनेक साधनांत मिळतो, पण मोबाइलवर माउसच नसल्याने त्याचा तेथे उपयोग होत नाही.

बटण दाबणे म्हणजे काम पूर्ण होणे, असे धरणे

घड्याळ सोडून घटनेकडे वळल्यावरही एक बारीक चूक राहते. ‘पट्टी पाहा’ हे बटण दाबले की सर्वेक्षण दाखवा, असा नियम वरवर योग्य वाटतो. प्रत्यक्षात बटण दाबल्यावर पट्टीची फाइल उतरायला वेळ लागतो आणि नेटवर्क कमजोर असेल तर पट्टी येण्याआधीच ‘पट्टी कळली का’ हा प्रश्न समोर उभा राहतो. म्हणून ट्रिगर बटणाला न जोडता कामाच्या शेवटाला जोडावा. आपल्या उदाहरणात पट्टी प्रत्यक्ष पडद्यावर दिसली, शेतकऱ्याने ती काही काळ पाहिली आणि तो मागच्या यादीकडे परतला, तो क्षण योग्य आहे. परत आल्यावरही दीड-दोन सेकंद जाऊ द्यावेत. त्याने लगेच दुसरी पट्टी उघडली, तर त्याचे काम संपलेले नाही असे समजून प्रश्न पुढे ढकलावा.

काही प्रसंगी मात्र ट्रिगर जुळला तरीही प्रश्न विचारू नये. ओटीपी बाकी आहे, पैसे खात्यावर जमा होण्याची प्रक्रिया चालू आहे, फॉर्म अर्धवट भरलेला आहे किंवा नुकताच एखादा दोष-संदेश दिसला आहे, अशा वेळी पॉप-अप सरळ रोखून धरावा. पट्टी उघडलीच नाही, अशा माणसाला त्याच क्षणी ‘तुमचा अनुभव कसा होता’ असे विचारणे तर जखमेवर मीठ चोळण्यासारखे आहे. त्याला आधी मदतीचा क्रमांक दाखवावा.

‘एकदाच दाखवा’ ही नोंद चुकीच्या ठिकाणी ठेवणे

वापरकर्त्यांची खरी चीड एका पॉप-अपमुळे येत नाही, तोच पॉप-अप पुन्हा पुन्हा आल्यामुळे येते. ‘तुम्ही एकदाच दाखवतो म्हणता, पण मला तर रोज दिसतो’ अशी तक्रार आली, तर तीन ठिकाणी शोध घ्यावा.

पहिले ठिकाण म्हणजे नोंद कोठे ठेवली आहे. ती केवळ फोनमधील ब्राउझरच्या साठवणीत असेल, तर साठवण साफ होताच ती नाहीशी होते. सफारीमध्ये तर वापरकर्ता सात दिवस त्या वेबसाइटकडे फिरकला नाही, तर अशी साठवण पुसली जाऊ शकते. बेदाण्याचा शेतकरी हंगामाबाहेर महिना-महिना ॲप उघडत नाही, म्हणून लॉगिन असलेल्या प्रत्येक वापरकर्त्याची ही नोंद सर्व्हरवर, त्याच्या खात्यासोबत असावी.

दुसरे ठिकाण म्हणजे नोंद केव्हा केली जाते. पुष्कळदा उत्तर पाठवल्यावरच ‘दाखवले’ अशी नोंद होते आणि ज्याने खिडकी बंद केली तो हिशोबात येतच नाही, त्यामुळे त्याला प्रत्येक वेळी पुन्हा विचारले जाते. ज्याने एकदा नकार दिला त्यालाच सर्वांत जास्त त्रास द्यावा, असा हा नियम नकळत तयार होतो. नोंद दाखवतानाच व्हावी आणि खिडकी बंद करणे हेही एक उत्तर मानावे.

तिसरे ठिकाण म्हणजे मर्यादा कोणाला लावली आहे. दरांच्या पानाचे एक सर्वेक्षण, पट्टीचे दुसरे आणि शीतगृहाचे तिसरे असेल आणि प्रत्येकाची मर्यादा वेगवेगळी असेल, तर प्रत्येक जण आपापल्या परीने नियम पाळूनही एकाच शेतकऱ्याला आठवड्यात तीन खिडक्या दिसतात. मर्यादा माणसाला लावावी, सर्वेक्षणाला नव्हे. ॲप-स्टोअरवर तारे देण्याची विनंतीही याच मोजणीत धरावी. आयफोनवर ही विनंती ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीन वेळा दिसू देण्याचे बंधन ॲपलनेच घातलेले आहे आणि आपल्या सर्वेक्षणालाही अशी ठाम मर्यादा असावी.

हे सारे नियम थोडक्यात असे लिहिता येतात:

```js
const DAY = 24 * 60 * 60 * 1000;

function canAsk(u, now) {
  if (u.busy || u.hadError) return false;
  if (u.sessions < 3) return false;
  if (now - u.lastShownAt < 60 * DAY) return false;
  return u.bucket < 20;
}
```

येथे `lastShownAt` मध्ये कोणतेही सर्वेक्षण शेवटचे केव्हा दिसले ती वेळ आहे आणि ज्याला कधीच काही दिसलेले नाही त्याच्यासाठी ती शून्य ठेवावी. `sessions` म्हणजे त्याने ॲप किती वेळा उघडले तो आकडा, म्हणजे अगदी नव्या वापरकर्त्याला प्रश्न जात नाही. `bucket` हा ० ते ९९ मधील आकडा आहे, म्हणजे शंभरांतील साधारण वीस जणांनाच प्रश्न जाईल. हा आकडा प्रत्येक वेळी नव्याने काढू नये. तसे केले तर आज सुटलेला माणूस उद्या सापडतो आणि काही दिवसांत सगळ्यांनाच पॉप-अप दिसून जातो. खाते-क्रमांक आणि सर्वेक्षणाचे नाव एकत्र करून त्यावरून तो काढला, तर एका सर्वेक्षणात तो स्थिर राहतो आणि पुढच्या सर्वेक्षणात वेगळ्या लोकांची पाळी येते. साठ दिवस हा आकडा सर्वत्र लागू पडेल असे नाही. रोज वापरल्या जाणाऱ्या ॲपला तो पुरेसा ठरेल, पण केवळ हंगामात उघडल्या जाणाऱ्या ॲपमध्ये ‘एका हंगामात एकदा’ हा नियम अधिक शहाणपणाचा आहे.

वेळ चुकली आहे, हे ओळखावे कसे

केवळ उत्तरांची संख्या पाहून काहीच कळत नाही. खिडकी दिसली, बंद झाली, पहिले उत्तर आले आणि सर्वेक्षण पूर्ण झाले, अशा चार घटना वेळेसह नोंदवाव्यात. समजा १०० जणांना खिडकी दिसली आणि त्यांतील ७० जणांनी ती बंद केली. हे ७० जण एका सेकंदाच्या आत बाहेर पडले असतील, तर त्यांनी प्रश्न वाचलाच नाही, कारण आठ-दहा शब्द वाचायलाही दोन-तीन सेकंद लागतात. येथे ट्रिगर बदलायला हवा. तेच लोक सहा-सात सेकंद थांबून बाहेर पडले असतील, तर त्यांनी प्रश्न वाचून नाकारला आहे आणि आता भाषेकडे किंवा पर्यायांकडे पाहणे सार्थ ठरते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे अर्ध्या सेकंदात आलेली उत्तरे. शेतकरी ‘पुढची पट्टी’ दाबायला अंगठा नेतो, त्याच जागी खिडकी उघडते आणि ‘हो, कळला’ हा पर्याय त्याच्याकडून दाबला जातो. अहवालात समाधानाचा आकडा छान दिसतो, पण ती उत्तरे नसतातच. खिडकी उघडल्यानंतरचा पहिला अर्धा सेकंद स्पर्श स्वीकारू नये आणि नेहमीच्या बटणाच्या जागेवर पर्याय ठेवू नयेत.

येथेच ‘हे ॲप तुम्ही इतरांना सुचवाल का?’ या ० ते १० गुणांच्या शिफारस-प्रश्नाविषयी सांगायला हवे. व्यवस्थापन सल्लागार फ्रेडरिक रायखेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेला हा प्रश्न ग्राहकाच्या एकूण नात्याविषयी आहे. तो एका पट्टीनंतर विचारला, तर त्या दिवशीच्या दराचा राग किंवा आनंदच त्यात उतरतो. शिवाय ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर अकरा बटणे एका ओळीत बसवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३२ पिक्सेल येतात, तर अँड्रॉइडची शिफारस ४८ ची आहे. पट्टीसाठी ‘हो’, ‘थोडा’ आणि ‘नाही’ एवढे पर्याय आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यालाच ‘कोणती वजावट कळली नाही?’ हा दुसरा प्रश्न पुरेसा आहे.

केवळ काम झालेल्यांनाच विचारले जाणे

वरील सर्व काळजी घेतल्यावर एक मर्यादा उरतेच. पट्टी पाहून परतलेल्यालाच प्रश्न जात असल्याने, ज्याला पट्टी सापडलीच नाही त्याचे म्हणणे कधीच नोंदवले जात नाही. अशांसाठी वेगळा ट्रिगर ठेवावा: मागच्या वेळी पट्टीची यादी उघडून पट्टी न पाहता जो गेला, त्याला पुढच्या भेटीत काम आटोपल्यावर ‘मागच्या वेळी पट्टी सापडली नव्हती का?’ असे विचारावे आणि ही उत्तरे पहिल्या गटात मिसळू नयेत. तासगावकडील अनेक घरांत वडिलांच्या नावावरचे खाते मुलगा चालवतो, हेही उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे. वजावट मुलाला कळली म्हणजे ती वडिलांना कळली असे होत नाही.

शेवटी, सर्वेक्षण बंद करण्याची सोय सर्व्हरवर असावी. एखाद्या सौद्याच्या दिवशी दर अचानक कोसळला किंवा पट्ट्यांमध्ये चूक निघाली, तर ॲपची नवी आवृत्ती लोकांपर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता त्याच मिनिटाला सर्व खिडक्या थांबवता यायला हव्यात.