आम्ल इतकं विरळ की पाण्याचाही हिशेब धरावा लागतो

इंदूरला रामबागेतल्या घरी मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. आयनिक समतोल सुरू झाला की एक गणित मी हमखास घालते: 10⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? बहुतेकांचं उत्तर एका झटक्यात येतं, आठ. पीएच सातच्या वर म्हणजे द्रावण अल्कधर्मी. शुद्ध पाण्यात थेंबभर आम्ल पडलं म्हणून ते अल्कधर्मी होईल का? उत्तर असं उलट्या बाजूला गेलं की समजावं, काहीतरी मोजायचं राहून गेलंय.

राहून गेलेलं असतं ते पाणीच. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन 10⁻⁷ मोलर असतात, म्हणजे आम्लाने दिले त्याच्या दहापट.

मग दुसरी चूक होते. हुशार मुलंही 10⁻⁷ मध्ये 10⁻⁸ मिळवून 1.1 × 10⁻⁷ लिहितात आणि पीएच 6.96 काढतात. परवा एकीने विचारलंच, "काकू, बेरीज तर बरोबर आहे, मग चुकलं कुठे?" बेरीज बरोबर आहे, पण आम्ल पडल्यावर पाण्याचं आयनीभवन मागे सरतं. त्यामुळे पाण्याकडून आता पूर्ण 10⁻⁷ येत नाहीत.

म्हणून पाण्याकडून आलेल्यांना x म्हणायचं. हायड्रॉक्साइडही तेवढेच, x. दोघांचा गुणाकार 10⁻¹⁴ राहिला पाहिजे:

(10⁻⁸ + x) · x = 10⁻¹⁴

x² + 10⁻⁸x − 10⁻¹⁴ = 0

हे वर्गसमीकरण सोडवलं की x = 9.5 × 10⁻⁸ येतो. एकूण हायड्रोजन आयन 1.05 × 10⁻⁷, पीएच 6.98. सातच्या किंचित खाली, जसा असायला हवा तसाच. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे: आम्लाने 1 × 10⁻⁸ घातले, पण वाढ झाली जेमतेम 0.5 × 10⁻⁸. उरलेल्या निम्म्याइतकं पाणी मागे सरलं.

प्रत्येक गणितात हा खटाटोप नको. 10⁻⁶ मोलरला पाण्याचा वाटा शंभरातला एकच, पीएच सरळ 6.0 लिहा. 10⁻⁷ ला मात्र समीकरण मांडायलाच हवं. तिथे उत्तर 7 नसून 6.79 येतं. त्याहून विरळ आम्लाचा पीएच सातच्या जवळ जवळ जात राहतो, ओलांडत मात्र कधीच नाही.

प्रयोगशाळेत मीटरवर 6.98 दिसेल अशी अपेक्षा धरू नका. उघड्या बीकरमधल्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि एवढ्यानेच पीएच 5.6 च्या आसपास उतरतो. हे उत्तर बंद भांड्यातल्या, वायू काढून टाकलेल्या पाण्याचं आहे, आणि तेही 25 अंशांचंच. पाणी तापलं की 10⁻¹⁴ हा आकडाच वाढतो, मग समीकरणात नवा आकडा घालावा लागतो.