रुळांशेजारच्या खोलीत धड्यांचं रेकॉर्डिंग: कोणता माइक?

खोली दादरची, खिडकीखाली लोकल, डोक्यावर पंखा. शिक्षिकेचा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा, माइक टेबलावर, तोंडापासून ३० सेंटिमीटरवर होता. धड्यात आवाजाइतकीच लोकल ऐकू यायची. दोष माइकच्या जातीपेक्षा अंतराचा. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणजे ३० वरून साडेसातवर आलं की १२ डेसिबलचा फायदा.

इतक्या जवळ कंडेन्सरमध्ये ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसतात, म्हणून कमी संवेदनशील असा डायनॅमिक माइक घेतला, तोही कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा. स्टँडवर, तोंडाच्या किंचित बाजूला, फोमची टोपी घालून. माइकची पाठ खिडकीकडे, कारण कार्डिऑइड मागून सर्वांत कमी ऐकतो. जवळून आवाज घुमतो आणि पंख्याची घरघरही असते. १०० हर्ट्‌झखालचे खर्जातले आवाज कापले की दोन्ही बरंच आवरतं.

डायनॅमिकचा सिग्नल क्षीण असतो. माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसला ५५-६० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, हवा, नाहीतर सूं-सूं ऐकू येते. स्वस्त इंटरफेस असेल तर थेट संगणकाला लागणारा यूएसबी डायनॅमिक बरा. कुकरची शिट्टी मात्र कुठलाच माइक गाळत नाही. तेवढं वाक्य पुन्हा म्हणावं.