वेळासच्या कासवांवर फिल्म करताना: कच्च्या आराखड्यापासून शूटिंग स्क्रिप्टपर्यंतची तयारी

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. स्क्रिप्टमधली माहिती तपासून झाली की ती स्क्रिप्ट पुन्हा एआय टूलला द्यायची नाही. भाषा गुळगुळीत करायला नाही, लांबी कमी करायला नाही, शुद्धलेखनासाठीसुद्धा नाही. गेल्या वेळी माझं काम इथेच फसलं, म्हणून ही यादी.

धरून चालू की सहा मिनिटांची फिल्म आहे, विषय मंडणगड तालुक्यातल्या वेळासची ऑलिव्ह रिडले कासवं. मनात ढोबळ आराखडा आहे: रात्री मादी येते, पुळणीत अंडी घालते, कासवमित्र सकाळी ती अंडी हॅचरीत नेऊन पुरतात, पिल्लं समुद्रात जातात, पाहायला पर्यटक येतात. हे असंच टूलला देऊ नका. आधी प्रत्येक ओळीपुढे लिहा: स्वतः पाहिलंय, कुणी सांगितलंय, की माहीत नाही. माहीत नसेल तिथे रिकामा चौकोन काढा आणि टूलला स्पष्ट सांगा की चौकोन तसेच ठेव, आकडे, वर्षं आणि नावं स्वतःहून घालू नकोस. तरीही ते घालतं. पण चौकोन काढलेले असले की त्याने कुठे काय भरलं ते निदान दिसतं.

ते काय भरतं हेही समजून घ्या. जिथे माहिती नसते तिथे टूल त्या विषयावर सर्वाधिक लिहिलं गेलेलं काढून बसवतं, आणि भारतातल्या ऑलिव्ह रिडलेबद्दल सर्वाधिक लिहिलं गेलंय ते ओडिशाचं. म्हणून पहिल्याच मसुद्यात वाक्य येतं, ‘हजारो माद्या एकाच वेळी वेळासच्या किनाऱ्यावर येतात.’ तसं गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला होतं. आपल्याकडे माद्या एकेकट्या येतात, आणि एका रात्रीत एखादं घरटं मिळालं तरी कासवमित्र खूश असतात. वाक्य ऐकायला छान असतं, त्यामुळे ते निसटतं. प्रत्येक भरगच्च वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे नक्की कुठल्या किनाऱ्याचं? पुढे दुसरं वाक्य येईल की आई पिल्लांची वाट बघते. बघत नाही. अंडी घालून, वाळू सारखी करून ती निघून जाते. पिल्लं बाहेर येतात ती साधारण ४५ ते ६० दिवसांनी.

आता मांडणी. शूटिंग स्क्रिप्ट तीन रकान्यांत करा: चित्र, आवाज आणि पुरावा. पहिले दोन टूल बरे भरतं. तिसरा रकाना तुम्ही भरायचा, फक्त तुम्ही. आवाजाच्या रकान्यातल्या प्रत्येक विधानापुढे ते कुणाकडून कळलं आणि कधी, एवढं तरी हवं.

तपासणी चित्राच्या रकान्यापासून सुरू करा, कारण तिथे चूक झाली तर नुसती फिल्म चुकत नाही, प्राण्याला त्रास होतो. ‘चांदण्यात अंडी घालणारी मादी, अगदी जवळून’ असा शॉट टूल हमखास लिहितं. दिव्याने आणि माणसांच्या हालचालीने मादी अंडी न घालताच परत फिरू शकते. ‘लहान मुलीच्या तळहातावर पिल्लू’ हा दुसरा हमखास शॉट. ऑलिव्ह रिडले १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू हातात देऊन चित्रीकरण करायचं नसतं. पिल्लांना पाण्यापासून थोडं लांब सोडतात आणि ती स्वतः चालत समुद्रात जातात. हे दोन्ही शॉट खोडा आणि त्यांच्या जागी खरंच मिळणारे लिहा: पहाटेच्या पुळणीवर मादीचा समुद्रापासून वर आलेला आणि परत गेलेला माग, काठीने वाळू चाचपणारा कासवमित्र, हॅचरीचं कुंपण, टोपली उचलल्यावर दिसणारी पिल्लं. माझ्या मते तो माग मादीपेक्षा जास्त बोलतो.

मग आवाजाचा रकाना. त्यातली तपासता येतील अशी सगळी विधानं रंगवून घ्या. वर्षं, आकडे कुणीही रंगवेल. ‘पहिलं’, ‘एकमेव’, ‘कधीच नाही’, ‘सगळी’ हे शब्दही रंगवा. माहितीची तारीखही बघा. ‘पूर्व किनाऱ्याच्या कासवांचा पश्चिम किनाऱ्याशी संबंध नाही’ असं टूल ठामपणे लिहील, पण २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त, हे टूल कधी उलटं लिहितं, तेही बघा. तपासायला तेच टूल वापरू नका. स्वतःच्या वाक्याला ते सहज दुजोरा देतं. त्याने दिलेली लिंक उघडून वाक्य तिथे खरंच आहे का ते वाचा. शेवटी गावातल्या कासवमित्राला आणि वन खात्यातल्या माणसाला फोन करा आणि संशयित वाक्यं शब्दशः वाचून दाखवा. ‘बरोबर आहे ना?’ विचारू नका, ‘यात काय चुकलंय?’ विचारा.

आणि आता थांबा. तपासलेल्या मजकुराला तारीख घालून वेगळी प्रत करा. टूलला परत द्यायची नाही. कारण सांगते. माझ्या तपासलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘नाना फडणवीसांचं मूळ गाव वेळास’ असं होतं. निवेदन जरा बोलकं करून दे म्हटलं, आणि ‘मूळ गाव’चं ‘जन्मगाव’ झालं. नानांचा जन्म १७४२ साली साताऱ्याचा. बाकी वाक्य जसंच्या तसं होतं, त्यामुळे डोळ्याला खटकलंच नाही आणि निवेदन रेकॉर्ड झालं. त्याच फेरीत ‘४५ ते ६० दिवस’चं ‘५० दिवस’ आणि ‘बहुतेक पिल्लं’चं ‘सगळी पिल्लं’ झालं होतं. टूल वाक्य सोपं करतं म्हणजे आधी ‘साधारण’, ‘बहुतेक’, ‘मानलं जातं’ हे शब्द उडवतं, आणि तपासणीत तुम्ही घातलेले शब्द नेमके तेच असतात. वाक्य जड वाटत असेल तर स्वतः मोडा, मोठ्याने वाचा, श्वास कुठे लागतो ते बघा. द्यायचीच वेळ आली, तर गूगल डॉक्समध्ये Tools मधल्या Compare documents ने दोन्ही प्रती जुळवा आणि बदललेली प्रत्येक ओळ नव्याने तपासा. त्यापेक्षा न देणं सोपं.

बाकी पटापट. परवानगी वन खात्याची आणि ग्रामपंचायतीला कळवणं, दोन्ही लेखी. ड्रोनचं वेगळं विचारा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. पिल्लं सहसा सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण ती त्याच दिवशी निघतील याची खात्री नाही, एक मोकळा दिवस धरा. फ्लॅश नाही. बॅटऱ्या, कार्ड, वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी. कागदावर छापलेली स्क्रिप्ट तारीख बघून घ्या, तीच तपासलेली आहे ना. किनाऱ्यावर ऐनवेळी ओळ बदलली तर पेनाने तिथेच लिहा आणि निवेदनाआधी तेवढी ओळ पुन्हा फोनवर विचारा. सबटायटल आपोआप काढली असतील तर नावं आणि आकडे त्याच कागदाशी जुळवा.