विमा एजंटच्या लीड-शीटची तयारी: ‘पुढची तारीख’ रिकामी ठेवू नका

नाव, मोबाइल, कुणाकडून आला, काय हवंय. हे चार रकाने सगळेच करतात, त्यावर वेळ घालवत नाही. मोबाइल दहा अंकीच लिहा, +91 नको, नाहीतर एकच माणूस दोनदा येतो आणि लक्षातही येत नाही. पाचवा रकाना त्याच्या सध्याच्या पॉलिसीची मुदत कधी संपते त्याचा. सहावा स्थितीचा: नवीन, बोलणं चालू, कोट दिलं, झालं, बंद. स्थिती हाताने लिहू नका, ड्रॉपडाउन लावा. एकदा ‘बंद’ आणि एकदा ‘बंद आहे’ लिहिलं की पुढची सूत्रं चुकतात.

सातवा रकाना म्हणजे ‘पुढची तारीख’. बहुतेकांच्या शीटमध्ये ‘शेवटचं कधी बोललो’ असतं आणि हे नसतं. शेवटचं बोलणं हा इतिहास झाला, तो नोंदीत लिहा. उद्या सकाळी कुणाला फोन करायचा हे त्यातून कळत नाही. म्हणून फोन ठेवला की आधी पुढची तारीख, मग नोंद. समोरच्याने फोन उचलला नाही तरी पुढची तारीख. ‘विचार करून सांगतो’ म्हणाला तरी पुढची तारीख. तो स्वतःहून फोन करणार म्हणाला असेल तर नक्कीच, कारण तो करत नाही.

आठव्या रकान्यात पुढे काय करायचं ते तीन-चार शब्दांत: ‘आरसीचा फोटो मागणे’, ‘दोन कोट पाठवणे’. नुसतं ‘फॉलोअप’ लिहिलंत तर महिन्याने तुम्हालाच कळणार नाही कशासाठी होता. नववा रकाना नोंदीचा, तिथे काय हवं ते लिहा.

आता तारखेची कटकट. शीट गुगलवर असेल तर File > Settings मध्ये Locale आधी India करा, एकही ओळ भरण्याआधी. ते United States राहिलं तर 5/11/2026 म्हणजे 11 मे धरलं जातं. आणि 20/11/2026 तर तारीखच होत नाही, कारण विसावा महिना नसतो. तो नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. ओळखायची खूण अशी: खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. रकान्याचं स्वरूप महिना अक्षरांत दिसेल असं ठेवा, 5-Nov-2026 सारखं. मे आणि नोव्हेंबरची अदलाबदल फक्त डोळ्यांनीच पकडता येते, सूत्राला ती कळत नाही.

आजची यादी वेगळ्या पानावर काढा. मूळ पानाचं नाव ‘लीड’ आणि रकाने वर सांगितलेल्या क्रमाने असतील तर:

```
=IFERROR(SORT(FILTER('लीड'!A2:I1000,
'लीड'!A2:A1000<>"",
'लीड'!F2:F1000<>"बंद",
'लीड'!G2:G1000<=TODAY()),7,TRUE),"आज काही नाही")
```

यात आजचे आणि राहून गेलेले सगळे येतात. तारीख रिकामी असलेली ओळही येते, पण तळाशी. मात्र जिथे तारखेचा मजकूर झालाय ती ओळ कधीच येत नाही, कारण शीटच्या हिशोबात मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. चूक दाखवणारी सूचना नाही, लाल रंग नाही, गिऱ्हाईक नुसतं गायब. म्हणून यादीच्या पानावर बाजूला, यादीच्या रकान्यांच्या बाहेर, हे सूत्र ठेवाच:

```
=SUMPRODUCT(('लीड'!A2:A1000<>"")*
('लीड'!F2:F1000<>"बंद")*
(1-ISNUMBER('लीड'!G2:G1000)))
```

हा आकडा 0 असला पाहिजे. 3 दिसला तर तीन चालू ओळींना पुढची तारीख नाही किंवा ती खोटी आहे. त्या शोधून भरेपर्यंत फोन हातात घेऊ नका. डेटा व्हॅलिडेशनने चुकीची तारीख अडवता येते, पण दुसरीकडून पेस्ट केलं की तो पहारा निघून जातो. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका, हा आकडा बघा.

तारीख ठरवायची कशी? समजा जूनमध्ये वाकडच्या सोसायटीतल्या स्टॉलवर एक गृहस्थ भेटले. एमएच-14 ची गाडी, विमा 20 नोव्हेंबर 2026 ला संपतोय, म्हणाले, ‘आत्ता कशाला, तेव्हा बघू.’ ‘तेव्हा’ ही तारीख नाही. मुदतीच्या तीस दिवस आधी, म्हणजे सातव्या रकान्यात 21 ऑक्टोबर. सूत्र घालू नका, तारीखच टंका. सूत्र असेल तर मुदतीची तारीख दुरुस्त केली की फोनचा दिवस गुपचूप सरकतो. त्या दिवशी जुनी पॉलिसी आणि आरसी मागवायची, गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का ते विचारायचं, कारण नो क्लेम बोनस त्यावरच ठरतो. लगेच पुढची तारीख 28 ऑक्टोबर, कोटसाठी. मुदत उलटली तर गाडीची तपासणी मागे लागते, आणि 90 दिवस उलटले तर बोनसही जातो. तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्ही आठवण का नाही केलीत?’

आरोग्य विम्याला तीस दिवस पुरत नाहीत. कंपनी बदलायची असेल तर पोर्टिंगचा अर्ज साधारणपणे मुदतीच्या 60 ते 45 दिवस आधीच्या काळात करायचा असतो. 10 डिसेंबरला संपणाऱ्या पॉलिसीला ती खिडकी 11 ते 26 ऑक्टोबर. म्हणजे पहिला फोन सप्टेंबरअखेरीस. जुने कागद गोळा करण्यात पंधरा दिवस सहज जातात.

‘गणपतीनंतर बघू’ हे पुण्यातलं ठरलेलं उत्तर. त्याचीही तारीख करा, पण पंचांग बघून. 2026 मध्ये अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आहे आणि पाठोपाठ पितृपक्ष. नवीन टर्म प्लॅनची सही त्या पंधरवड्यात मागाल तर पुष्कळ घरांतून नकार मिळेल, आणि एकदा मिळालेला नकार परत फिरवणं अवघड. घटस्थापना 11 ऑक्टोबरला, तेव्हा सोमवार 12 लिहा. नूतनीकरण मात्र पितृपक्षासाठी थांबत नाही, ते थांबवू नका.

पॉलिसी झाली? ओळ बंद करायची नाही. स्थिती ‘झालं’, पाचव्या रकान्यात नवी मुदत, आणि पुन्हा पुढची तारीख: गाडीच्या विम्याला अकरा महिन्यांनंतरची, आरोग्य विम्याला त्याहून आधीची. ‘बंद’ फक्त स्पष्ट नकार किंवा चुकीच्या नंबरला, कारणासकट.

बाकी थोडक्यात. आधार, पॅन, आजारांची माहिती शीटमध्ये नको. शेअरिंग Restricted. महिन्याला एक प्रत उतरवून ठेवा. फोन नको म्हणालेल्याला परत फोन नको. रोज संध्याकाळी तो आकडा 0 आहे का बघा.